"ऊस गेला की भरतो"

सहकारी बँकेत फील्ड इंटर्न म्हणून सहा महिने काम केलं. ऊसपट्ट्यातली गावं, थकीत पीककर्जाच्या खातेदारांना भेटायचं आणि संध्याकाळी शाखेत येऊन भेटीचा अहवाल भरायचा. बोलणं सगळं मराठीत, अहवाल सगळा इंग्रजीत. त्यात एका वाक्यानं काय केलं, ते लिहिणं मला गरजेचं वाटतं.

ऑक्टोबरात एका काकांच्या घरी गेलो होतो. आडसाली उसावर घेतलेलं कर्ज थकलेलं. चहा झाला, कधी भरणार विचारलं, तर काका म्हणाले, "ऊस गेला की भरतो बघा." मी मान डोलावली. अहवालात 'प्रॉमिस टू पे' असा रकाना होता आणि त्यात तारीख घातल्याशिवाय पुढचं काही भरता येत नव्हतं. आडसाली म्हणजे लागणीपासून सोळा ते अठरा महिन्यांनी तोड, असा हिशेब मनाशी केला आणि ३१ डिसेंबर टाकलं. खाली इंग्रजीत एक ओळ, कर्जदाराने ३१ डिसेंबरपर्यंत भरण्याचं वचन दिलं आहे. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, उलट अहवाल नीटनेटका दिसला.

डिसेंबर संपला. वचन न पाळणाऱ्यांच्या यादीत काकांचं नाव आलं आणि नोटीस गेली. ती नोटीस हातात घेऊन ते शाखेत आले आणि मला एवढंच विचारलं, "मी तारीख कधी दिली होती?"

दिलीच नव्हती. ऊसपट्ट्यात "ऊस गेला की" यात तारीख नसते, एक साखळी असते. कारखान्याकडे नोंद, मग तोडणीची पाळी, तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय येणार, तोडणी मजुरांची टोळी येणार, ऊस वजनकाट्यावर जाणार, आणि मग बिल. ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे पैसे द्यावेत असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण चौदा दिवसांची मोजणी काट्यापासून सुरू होते. तोवरची कुठलीच कडी शेतकऱ्याच्या हातात नाही. काकांच्या शिवारात टोळी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली. जी गोष्ट त्यांनी तोडीवर सोपवली होती, ती मी त्यांच्या शब्दावर टाकली.

दुसरी चूक 'भरतो' या शब्दात होती. कारखान्याच्या बिलातून कर्जाची कपात होत असेल तर शेतकरी स्वतः येऊन काही भरत नाही, रक्कम परस्पर वळती होते. "भरतो" म्हणजे "कपात होऊ देतो". म्हणून तिथं खरा प्रश्न "कधी भरणार" हा नसून "ऊस कुठं घालणार" हा आहे. कपातीचं पत्र ज्या कारखान्याला गेलंय तिथं ऊस गेला तर वसुली जवळजवळ नक्की. गुऱ्हाळाला किंवा दुसऱ्या कारखान्याला गेला तर पैसे थेट हातात, आणि मग लग्न, दवाखाना, खताची उधारी आधी. बँकेला जोखीम कळायची असेल तर ती इथं कळते, आणि माझ्या इंग्रजी ओळीत हे कुठंच नव्हतं.

'डिफॉल्ट' या शब्दाचंही तेच. आपण "कर्ज थकलं" आणि "कर्ज थकवलं" यांत फरक करतो. पहिल्यात पीक गेलं असेल, बिल अडकलं असेल. दुसऱ्यात माणसाची इच्छा आहे. गावात कुणी कुणाला "थकवलं" म्हणालं तर भांडण होईल. आमच्या रकान्यात दोघांना एकच शब्द.

इंग्रजी काढून टाका असं माझं म्हणणं नाही. खाते क्रमांक, रक्कम, वर्गवारीचे कोड वरच्या कार्यालयाला ज्या भाषेत लागतात त्या भाषेत राहू देत. पण माणसानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, मराठीत, तिथंच बसून लिहावं आणि त्याला वाचून दाखवावं. आपल्याकडे जबाबाखाली "वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" असं लिहून घेतात. कर्ज देताना मराठीत सही करणाऱ्याकडून मजकूर समजावून सांगितल्याची घोषणा घेतात. वसुलीच्या भेटीतच ती पद्धत का नसावी? शाखेत बसून भाषांतर केलं की आठवण आपली आणि जबाबदारी त्याची, असं होतं.

नंतरचे तीन महिने मी वहीत आधी मराठी ओळ लिहायचो, वाचून दाखवायचो, मगच इंग्रजी रकाने भरायचो. भेटीला दहा मिनिटं जास्त लागायची. तारीख टाकावीच लागली तर शेऱ्यात "तारीख अंदाजे, तोडीवर अवलंबून" हेही लिहायचो.

मार्चमध्ये काकांचं बिल आलं आणि कपात झाली. पुढच्या हंगामाची माहिती घ्यायला गेलो तेव्हा वहीतली ओळ त्यांना वाचून दाखवली: "ऊस गेला की भरतो." काका थांबले आणि म्हणाले, "भरतो नको. बिलातनं कापून घ्या, असं लिहा."