गोळी घेऊनही वेळ का बदलून मागते

"मायग्रेन म्हणजे डोकेदुखीच. गोळी घेतली की अर्ध्या तासात माणूस कामाला लागतो. वेळ बदलून मागणं म्हणजे आजाराच्या नावाखाली उशिरा यायची सोय."

मॅडम,

टीमच्या ग्रुपवर फिरलेला हा मेसेज तुमच्यापर्यंत आला असेलच. माझ्या अर्जावर आपण बोलणार आहोत, त्याआधी त्याचं उत्तर लेखी देते.

दुखणं हा या आजाराचा मधला टप्पा आहे. माझा झटका बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी सुरू होतो: सारख्या जांभया, आखडलेली मान, विनाकारण चिडचिड. कधीकधी दुखण्याआधी स्क्रीनवरच्या आकड्यातले मधलेच अंक दिसेनासे होतात आणि कडेने एक चमकती नागमोडी रेघ सरकत जाते. याला ऑरा म्हणतात. तो सगळ्यांना येत नाही, आणि आला तर साधारण तासाभरात ओसरतो. मग डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात. उपचार न केल्यास हे 4 ते 72 तास चालू शकतं. ठणका थांबल्यावरही दिवसभर डोकं जड राहतं. अशा वेळी मी तपासलेल्या आकड्यांवर माझाच भरवसा नसतो.

आता गोळीचं. डॉक्टरांनी मला सुमाट्रिप्टान 50 मिलिग्रॅम दिली आहे. तिचा खरा परिणाम दिसायला साधारण दोन तास लागतात, आणि तोही ती केव्हा घेतली यावर ठरतो. ऑरा चालू असताना नाही, दुखणं सुरू झाल्याबरोबर, ते अजून सौम्य असताना घ्यायची. उशीर झाला की दोन गोष्टी बिघडतात. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे गोळी पोटातच पडून राहते. शिवाय टाळू इतकी हळवी होते की कंगवा लागला तरी दुखतं. तिथवर गेलेला झटका याच गोळीला नीट दाद देत नाही.

मागच्या महिन्यात रिपोर्ट रखडला, तो दिवस पाहा. सकाळी सातची पाळी होती, सव्वाआठला मीटिंगमध्ये दुखायला लागलं. मधेच उठणं बरं दिसत नाही म्हणून मी संपेपर्यंत बसून राहिले. साडेनऊला गोळी घेतली आणि थोड्याच वेळात उलटी झाली. गोळीही गेली, दिवसही गेला. सव्वाआठलाच गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडता आलं असतं, तर साडेदहा-अकरापर्यंत जागेवर परत येण्याची बरीच शक्यता होती.

मग दर वेळी लवकर गोळी घ्यावी, तर तिथेही मर्यादा आहे. ट्रिप्टान प्रकारची ही गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या औषधामुळेच डोकेदुखी वाढू लागते. साध्या पॅरासिटामॉललाही अशी मर्यादा आहे, महिन्याला पंधरा दिवसांची. म्हणजे झटकेच कमी व्हायला हवेत. त्यासाठी मी रोज प्रोप्रॅनोलॉल घेते. अशा औषधाने झटके निम्म्यावर आले तरी ते लागू पडलं असं मानतात. पूर्ण थांबतील असं कुणी सांगत नाही.

उरलेलं काम दिनक्रमाला करायचं आहे, आणि इथेच मेसेज लिहिणाऱ्याची गफलत झाली आहे. मला उशिरा यायचं नाही, रोज एकाच वेळी यायचंय. एका आठवड्यात सातची पाळी आणि पुढच्यात अकराची, म्हणजे झोपेची वेळ सतत सरकते. मायग्रेनला कमी झोप चालत नाही, तशी सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपही चालत नाही. चुकलेलं जेवण आणि फडफडणारी ट्यूब ही माझी आणखी दोन कारणं. एकेकटं कारण बहुधा निभावतं, दोन-तीन एका दिवशी जमली की झटका येतो. (गोड खाल्ल्याने होतं, असं मला बरेच जण सांगतात. पण गोड खावंसं वाटणं हे कित्येकदा आधीच सुरू झालेल्या झटक्याचं लक्षण असतं.)

माझी मागणी अशी: रोज दहा ते सात ही एकच वेळ, दीडला जेवणाची सुट्टी, दिवा बंद करता येईल अशी खोली, आणि झटका आला तर मीटिंगमधून न विचारता उठण्याची मुभा. गेलेले दोन-अडीच तास त्याच आठवड्यात भरून देईन. त्या दिवशीचे आकडे दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

मेसेजमागची एक शंका रास्त आहे: बाहेरून काहीच दिसत नाही, मग खरं कसं मानायचं? मी झटक्यांची डायरी ठेवते. तारीख, सुरू झाल्याची वेळ, गोळीची वेळ, आदल्या रात्रीची झोप. ती तुम्हाला दाखवेन. प्रोप्रॅनोलॉलचा डोस काही महिन्यांपासून तोच आहे, त्यामुळे कामाची वेळ स्थिर केल्यावर पडलेला फरक औषधाच्या नावावर जाणार नाही. तीन महिन्यांनी डायरी समोर ठेवून बसू. झटके कमी झाले नसतील, तर ठरलेल्या वेळेची मागणी मी मागे घेईन. मीटिंगमधून उठण्याची मुभा मात्र तेव्हाही लागेल.

आपली,
टीममधली सहकारी