विभक्ती नाही, पण क्रम आहे

"अभिजात चिनीत विभक्ती-प्रत्यय काहीच नाहीत, मग कर्ता-कर्म ओळखायचं कशावरून?"

जागेवरून. कुमारजीव या बौद्ध भाषांतरकाराने इ.स. 402च्या सुमारास चिनीत आणलेल्या वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रातली ओळ घ्या. आजच्या उच्चारात ती अशी: यिंग वू स्वो चू, अर शंग छी शिन. शेवटून सुरुवात करा. 'शंग' म्हणजे उपजणं, 'शिन' म्हणजे चित्त. शिन क्रियापदानंतर आलंय म्हणून ते कर्म, म्हणजे चित्त उपजवणं. 'शिन शंग' असं उलटवलं की चित्त आपोआप उपजतं.

खरी गोम 'स्वो'मध्ये आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ 'जागा' असाही सापडतो आणि नवखे तिथेच फसतात. लगेच पुढे क्रियापद असेल तर स्वो बहुधा नुसता निपात असतो: 'स्वो चू' म्हणजे ज्यावर चित्त टेकतं ते. 'वू'ने तेच नाकारलं. इथला 'अर' म्हणजे 'पण' नव्हे. कशावरही न टेकता चित्त उपजवायचं, ही रीत तो क्रियापदाला जोडतो. सुरुवातीचा 'यिंग' म्हणजे 'पाहिजे', आणि तो थेट शंगपर्यंत पोचतो. मूळ संस्कृतात हेच काम 'उत्पादयितव्यम्'मधला 'तव्य' करतो.

कर्ता मात्र ओळीत नाहीच. तो आधीच्या वाक्यात आहे, बोधिसत्त्व. 'छी' म्हणजे 'त्याचं', म्हणून ही ओळ सुटी वाचली की ते नेमकं कोणाचं, हे कळत नाही.