बेचाळीस लाखांच्या बाजारात मी एकटाच

छोट्या क्रिप्टो एक्स्चेंजवर एखादे अनोळखी टोकन, म्हणजे बिटकॉइनसारखे एखादे आभासी नाणे, घ्यायचे आपण ठरवले असेल, तर सर्वप्रथम चार्टखालील व्हॉल्यूमच्या हिरव्या-तांबड्या काड्यांकडे पाहावे, त्या उंच दिसल्या की समाधान मानावे आणि पुढे काहीही तपासू नये. मी हेच केले होते. गेल्या पंधरवड्यात त्यातून जे शिक्षण मिळाले, ते इतरांनाही तितक्याच किमतीत मिळावे, एवढ्याच हेतूने हा मार्गदर्शनपर लेख लिहीत आहे.

पहिला नियम असा की, चोवीस तासांच्या उलाढालीचा आकडा हा साक्षात पुरावा मानावा. माझ्या टोकनची उलाढाल 42 लाख डॉलर दाखवली होती. दिवसाची 1,440 मिनिटे धरली, तर हे मिनिटाला सुमारे 2,900 डॉलर होतात. माझ्याकडे 30,000 टोकन होती आणि भाव 0.0400 डॉलर होता, म्हणजे सगळा माल 1,200 डॉलरांचा. एवढा माल हा बाजार पंचवीस सेकंदांत गिळून टाकील, असा हिशेब मी कागदावर मांडला आणि त्या हिशेबात एकही चूक नव्हती.

दुसरा नियम: ऑर्डर बुक, म्हणजे उभ्या असलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी, उघडू नये. त्यात नुसते रूक्ष आकडे असतात आणि मन खट्टू होते.

माझे मन विक्री करताना खट्टू झाले, कारण मी ते पान तेव्हा उघडले. सर्वांत वरची खरेदीची बोली 0.0391 होती आणि सर्वांत खालची विक्रीची मागणी 0.0409. मधल्या पट्ट्यात एकही ऑर्डर उभी नव्हती. माझी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकण्याची सूचना, 0.0391 ला 6,000 टोकन, 0.0380 ला 8,000, 0.0365 ला 7,000 आणि उरलेली 9,000 टोकन 0.0340 ला, अशी पायऱ्या उतरत गेली. हातात 1,100 डॉलर आले. शंभर डॉलर, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक, जिन्यातच सांडले. जो बाजार दर मिनिटाला 2,900 डॉलरांचे व्यवहार करतो म्हणे, तो 1,200 डॉलरांच्या एका विक्रीने पंधरा टक्के खाली बसला. त्याहून उद्बोधक गोष्ट पुढे घडली. दहा-बारा सेकंदांत व्यवहारांच्या यादीत पुन्हा 0.0398, 0.0402, 0.0400 अशा नोंदी सुरू झाल्या, जणू मी तेथे आलोच नव्हतो.

आता येथे आपण शांतपणे विचार करू नये, कारण विचार केल्यास एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. खरेदीदार 0.0391 वर थांबला आहे आणि विक्रेता 0.0409 वर, तर 0.0400 ला सौदा कोण करतो आहे? एखाद-दुसरा असा सौदा खराही असू शकतो, कारण कोणीतरी मधल्या भावाची ऑर्डर टाकतो आणि दुसरा ती लगेच उचलतो. पण दिवसभर, दर चार-पाच सेकंदांनी, बहुतेक सगळेच सौदे त्या रिकाम्या पट्ट्यात होत असतील, तर ऑर्डर टाकणारा आणि उचलणारा हा एकच मनुष्य, किंबहुना आपोआप ऑर्डरी टाकणारा एकच बॉट, असण्याची शक्यता फार मोठी आहे. यालाच वॉश ट्रेडिंग म्हणतात. आंब्याची एकच पेटी पुढच्या दाराने चुलतभावाला विकायची, मागच्या दाराने परत आणायची आणि संध्याकाळी दोनशे पेट्या खपल्याचे फलकावर लिहायचे, तसा हा उद्योग आहे. फी एक्स्चेंजची स्वतःची असेल किंवा बॉट चालवणाऱ्याला माफ असेल, तर दोनशेच्या जागी दोन लाख लिहायलाही काही पडत नाही.

तिसरा नियम: पहाटे तीन वाजता आणि भाव निपचित पडलेला असतानाही काड्या सारख्याच उंचीच्या दिसल्या, तर समाजाच्या कष्टाळूपणाचे कौतुक करावे.

चौथा नियम असा की, सौद्यांच्या आकारांकडे मुळीच लक्ष देऊ नये. मी उशिरा का होईना दिले. एक हजार सौदे स्प्रेडशीटमध्ये उतरवले आणि प्रमाणांच्या स्तंभावर `=LEFT(B2,1)` हे सूत्र चालवून प्रत्येक आकड्याचा पहिला अंक वेगळा काढला. माणसांच्या बाजारात कोणी 40 टोकन घेतो, कोणी 40,000, आणि आकार असे अनेक पटींत पसरलेले असले की पहिला अंक 1 असण्याचे प्रमाण साधारण 30 टक्के आणि 9 असण्याचे साडेचार टक्क्यांच्या आसपास पडते. याला बेनफर्डचा नियम म्हणतात. माझ्या हजार सौद्यांत एकपासून नऊपर्यंतचा प्रत्येक अंक अकरा टक्क्यांच्या आगेमागे होता, म्हणजे कोणीतरी 1,000 ते 9,999 यांच्यामधली संख्या चिठ्ठी काढल्यासारखी निवडत होते. शिवाय माणसाला 500, 1,000, 5,000 अशा गोल आकड्यांची हौस असते. तेथे 4,837 आणि 6,291 असलेच आकडे होते आणि गोल आकड्यांची कोठेही गर्दी नव्हती. अर्थात, सौदे थोडे असतील किंवा सगळे एकाच पट्टीतले असतील, तर या एकट्या कसोटीवर विसंबता येत नाही. ती रिकाम्या पट्ट्याच्या निरीक्षणाला जोड म्हणून वापरावी.

पाचवा नियम: हे सगळे आताच निघालेले खूळ आहे, असे समजावे. मार्च 2019 मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकापुढे 81 एक्स्चेंजांची तपासणी मांडून बिटकॉइनची सांगितली जाणारी सुमारे 95 टक्के उलाढाल बनावट किंवा निरर्थक असल्याचे म्हटले होते, हे विसरावे. ऑक्टोबर 2024 मध्ये बॉस्टन येथे 18 व्यक्ती आणि कंपन्यांवर आरोप ठेवले गेले, आणि त्या तपासासाठी एफबीआयने चक्क स्वतःचे टोकन काढून, व्हॉल्यूम फुगवून देणाऱ्या ‘मार्केट मेकर’ कंपन्यांना गाठले होते, हेही विसरावे. टोकन काढणारे प्रकल्पवाले अशा कंपन्यांना पैसे का देतात, हे तर विचारूच नये. उलाढाल कमी पडली तर टोकन एक्स्चेंजच्या यादीतून काढले जाते, आणि क्रमवारी दाखवणारी संकेतस्थळे उलाढालीच्या आकड्यावर भाळतात. भाळणारे आपणच असतो.

आणि येथे माझा राग एक्स्चेंजपेक्षा माझ्यावर आणि आपल्यावर अधिक आहे. चोराने चोरी केली यात नवल नाही. पण दोन मिनिटांचे काम आपण करत नाही, याला काय म्हणावे? टोकन विकत घेण्याआधी मधल्या भावाच्या दोन टक्के खालपर्यंत किती डॉलरांच्या बोल्या उभ्या आहेत, एवढी बेरीज करायची. माझ्या टोकनमध्ये ती शून्य होती. शून्य! 0.0392 पर्यंत एकही बोली नाही, आणि मी 42 लाखांच्या गप्पा मारत होतो. ही बेरीज एकदाच करूनही चालत नाही, कारण बोल्या दाखवून ऐनवेळी काढून घेता येतात; तासातासाने तीन-चारदा पाहा, आणि मग अगदी लहान रक्कम घेऊन लगेच विकून पाहा. दोन्हीकडे जे कापले जाईल, तोच खरा बाजार. ते न करता शेजाऱ्याने पाठवलेला चार्टचा फोटो पाहून पैसे टाकायचे आणि नंतर ‘बाजार फिरला’ म्हणून रडायचे, हा निव्वळ आळस आहे. बाजार फिरलेला नसतो, तो तेथे नसतोच. वर आपल्याकडे या तोट्याची दुसऱ्या नफ्यातून वजावटही मिळत नाही, आणि विक्रीवरच्या एक टक्का टीडीएसचे लचांड वेगळेच.

काल रात्री मी ते पान पुन्हा उघडून पाहिले. उलाढाल 43 लाख झाली आहे, आणि 0.0391 च्या बोलीवर आता चारशे टोकन उभी आहेत.