जीपीयू सिमडी की मिमडी? एका मार्काचा घोळ

परवा भाच्याने प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला. 'जीपीयू कोणत्या प्रकारात मोडतो?' चार पर्याय, एक मार्क. अपेक्षित उत्तर सिमडी. मी म्हटलं, मार्क घे बाबा, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

मायकल फ्लिनने १९६६ साली ही वर्गवारी मांडली तेव्हा त्याने दोनच गोष्टी मोजल्या: सूचनांचे प्रवाह किती आणि डेटाचे किती. सूचना एक आणि डेटा अनेक, तर सिमडी; दोन्ही अनेक, तर मिमडी. आत सर्किट कसं आहे हे त्यात येतच नाही. म्हणून क्रे-१ (१९७६) आणि त्याआधीचं इलियाक-४ हे दोन्ही सुपरकॉम्प्युटर सिमडीच्या खात्यात जातात. पण इलियाकमध्ये ६४ वेगळे गणन-घटक एकदम एकच सूचना पाळायचे, तर क्रेच्या व्हेक्टर रजिस्टरमध्ये ६४ आकडे असले तरी बेरीज करणारी पाइपलाइन एकच. आकडे एकामागोमाग एक तिच्यात शिरायचे. सूचना एकच, काम मात्र रांगेने. मिमडीचं उदाहरण सोपं आहे: पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम ८०००. त्यात प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला आपली मेमरी आणि आपला प्रोग्राम होता.

आता जीपीयू. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डात ३२ थ्रेडचा एक वॉर्प असतो, आणि त्यातले थ्रेड एका वेळी एकच सूचना चालवतात. प्रोग्राम आपण एका थ्रेडसाठी लिहितो, म्हणून वाटतं प्रत्येक थ्रेड स्वतंत्र आहे. मग कोणीतरी हे लिहितं:

```
if (i % 2 == 0) a[i] = f(a[i]);
else            a[i] = g(a[i]);
```

समजा f आणि g दोन्हींना शंभर-शंभर सायकल लागतात. वॉर्पमधले १६ थ्रेड f करत असताना उरलेले १६ गप्प बसतात, मग उलट. वॉर्पला दोनशे सायकल, आणि निम्मं हार्डवेअर कायम रिकामं. उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. वेळ मोजल्यावरच कळतं, किंवा प्रोफाइलरमध्ये दर सूचनेमागे सरासरी किती थ्रेड कामात होते हे पाहिलं की. आकडा ३२ऐवजी १६च्या आसपास दिसला, की हेच झालं समजायचं. डेटा आधीच असा लावला, आणि if मधली अटही त्याप्रमाणे बदलली, की f वाले सलग ३२ एका वॉर्पमध्ये आणि g वाले दुसऱ्यात, तर दोन्ही वॉर्प शंभर-शंभरात मोकळे. अर्थात लावण्याचाही खर्च आहे. f अगदी किरकोळ असेल तर ती मेहनत अंगावर येते.

एनव्हीडियाच्या २०१७च्या व्होल्टा चिपपासून प्रत्येक थ्रेडला स्वतःचा प्रोग्राम काउंटर आहे. 'बघा, झालं मिमडी!' असं म्हणणारे भेटतात. पण वेगवेगळ्या वाटांना गेलेले थ्रेड अजूनही आळीपाळीनेच चालतात. फाटाफुटीचं बिल माफ झालेलं नाही.

वॉर्पच्या आत पाहिलं तर सिमडी. वॉर्पच्या बाहेर, एका चिपवरच्या डझनावारी मल्टिप्रोसेसरकडे पाहिलं तर प्रत्येकजण आपल्या गतीने आपली सूचना चालवतोय, म्हणजे मिमडी. एनव्हीडिया स्वतः याला 'सिम्ट' म्हणते, म्हणजे सूचना एक, थ्रेड अनेक. मला ते नाव पटतं, कारण निदान थ्रेड हा शब्द त्यात आहे. भाच्याच्या पेपरात मात्र तो पर्याय नव्हता.