बंबाची मोड

घर लहान करायचं ठरलं की लोक कपाटांना घाबरतात. घाबरायचं असतं माळ्याला. आमच्या आईचं घर पंचवटीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आमची खालची भांडी माळ्यावर चढायची. 2008 च्या पुरातही चढली. पूर ओसरला, भांडी वरच राहिली, आणि खाली झालेल्या मोकळ्या जागेत आईने नवी घेतली.

आता जायचं होतं गंगापूर रोडला, माळा नसलेल्या फ्लॅटमध्ये. मी पडवीत खडूने चार चौकोन आखले: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. आईने चारही नीट वाचले आणि ‘विकायचं’च्या चौकोनात पाट टाकून बसली.

“हं, आण आता एकेक.”

कपडे, औषधं, जुनी कॅलेंडरं यांचं फारसं काही झालं नाही. मुदत संपलेल्या गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून “पण फोडलेलं कुठंय?” एवढंच तिने विचारलं. खरी अडचण पितळेची.

ठेवायचं काय, याला मी एक नियम लावला. भांड्यात आत बघायचं. पांढरी चकाकी सलग असेल तर कल्हई शाबूत आहे. मधूनच पिवळं डोकावत असेल तर ती उडाली, आणि मग त्यात आमटी, ताक, काही आंबट शिजवायची सोय नाही. कल्हईवाला तर आमच्या गल्लीत कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. या नियमात एक पातेलं आणि एक परात टिकली. आई म्हणाली, “नियमाला म्हणावं, पुरणाला परात एकच पुरत नाही.” सगळ्याच पराती राहिल्या.

‘द्यायचं’ हा चौकोन बाहेरून सोपा दिसतो. पण आपल्याकडे प्रत्येक भांड्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं. आईने चिंचेने एक तपेलं घासलं, तसा काळपटाखालून काकूचा आहेर वर आला, लग्नाच्या तारखेसकट. आणि आम्ही ते द्यायला काढलं होतं काकूच्याच सुनेसाठी.

“घासून नाव घालवता येईल की,” मी म्हटलं.

“नाव जाईल, आणि भांडं पातळ होईल. मग काकू म्हणेल, मी दिलं तेव्हा जाड होतं.”

शेवटी असं ठरलं की काकूकडचं मावशीकडे आणि मावशीकडचं काकूकडे जाईल. फक्त दोघींना एकमेकींच्या स्वयंपाकघरात महिनाभर जाऊ द्यायचं नाही.

राहता राहिला बंब. तांब्याचा, मधे धुराची नळी, खाली निखाऱ्यांची जाळी. भांडीबाजारात तो काट्यावर चढला तेव्हा 14 किलो भरला आणि मी मनातल्या मनात तांब्याच्या भावाने गुणाकार करून टाकला. मोड म्हणून देताना असा गुणाकार करायचा नसतो. दुकानदाराने आधी जाळी आणि तिवई सुटी केली. लोखंड 2 किलो, त्याला भंगाराचा भाव. मग तोटी आणि झाकण. ते निघालं पितळी, दीड किलो, तांब्याहून स्वस्त. उरले साडेदहा. त्यात बोटाने खरवडून त्याने बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दाखवला, डागाची झाळ दाखवली आणि एक किलो घट धरली. हाती राहिलं साडेनऊ किलो तांबं. तेही मोडीच्या भावाने, कारण त्याला ते पुढे वितळवायलाच द्यायचं होतं. बदल्यात नवी भांडी घेतली तर थोडा चढा भाव देतो म्हणाला. मी आईला घाईघाईने दुकानाच्या पायरीकडे वळवायला गेलो.

पण ती वळली नाही. त्याने आमच्या वाट्या पितळेच्या ढिगात टाकल्या होत्या. तिने एक वाटी तळहातावर धरली आणि नखाने टिचकी मारली. वाटी बराच वेळ घुमत राहिली. मग शेजारच्या पितळी पेल्याला मारली. तो ‘टक’ करून गप्प.

“हे कांसं आहे. वेगळं तोला.”

काट्याशी असलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे पाहिलं. कांशाला पितळेपेक्षा भाव बरा असतो, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याला ते आधीपासून माहीत असावं.

आता ‘टाकायचं’ या चौकोनात जुन्या साड्यांचं एकच बोचकं होतं. ते सकाळी घंटागाडीत जाणार होतं. मी पॅकिंगसाठी खोकी आणायला गेलो. परत आलो तर दारात बोहारीण. साड्या तिच्या टोपलीत गेलेल्या, आणि दोघींचा आवाज चढलेला. आई जरीच्या काठांवर बोट ठेवून सांगत होती की एवढ्या मालात स्टीलचं नुसतं पातेलं परवडत नाही.

झाकण आणि दोन डबे घेऊनच तिने सौदा मिटवला.