मॅपचे चार तास आणि दाराच्या कुलपापासून मोजलेला वेळ

"मॅपवर कारला सरळ 4 तास 10 मिनिटं दाखवतायत, स्क्रीनशॉट खाली दिलाय. ट्रेनला टाइमटेबलमध्येच 4 तास 25 मिनिटं आहेत. मग सोमवारी ट्रेनने जा हा सल्ला कुठून काढलात? बसच्या ओळीतली बेरीज पण चुकलीये. कारचा खर्च म्हणजे पेट्रोल, बाकीचं सगळं फुगवलेलं आहे. घरी बसून आकडे जुळवण्यापेक्षा एकदा प्रवास करून बघा."

सोमवारी सकाळी दहाला ऑफिसात पोचायला कार, ट्रेन की बस, यावरच्या माझ्या 'सोमवार सकाळ' या पोस्टवर तुमची ही कमेंट आली. तिचं शेवटचं वाक्य मला लागलं. बेरीज चुकली असेल तर चुकली म्हणा, मी दुरुस्त करतो, पण प्रवासच केला नाही असं कोणत्या आधारावर म्हणता? चार वर्षं दर सोमवारी मी हा 280 किलोमीटरचा प्रवास केलाय, बहुतेक वेळा ट्रेनने, बऱ्याचदा कारने, आणि दोन्ही नाही जमलं तर बसने. प्रत्येक वेळी घराला कुलूप लावल्याची वेळ आणि ऑफिसात खुर्चीवर बसल्याची वेळ, अशा दोन वेळा वहीत लिहिल्यात. पोस्टमधले आकडे त्या वहीतले आहेत आणि तसं मी पोस्टमध्ये लिहिलंही होतं, त्यामुळे तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत का अशी मला शंका आहे.

बसच्या बेरजेबद्दल तुमचं बरोबर आहे. घरापासून बस स्टँडपर्यंतची 20 मिनिटं त्या ओळीत धरायची राहून गेली होती, त्यामुळे 6 तासांचे 6 तास 20 मिनिटं झालेत. दुरुस्त केलंय, आभार.

आता तो स्क्रीनशॉट. त्यात वरच्या कोपऱ्यात वेळ आहे रात्रीचे 11:20. म्हणजे तुम्ही मॅपला विचारलंत की आत्ता, या क्षणी, रिकाम्या रस्त्यावरून निघालो तर किती वेळ लागेल, आणि त्याने त्याचंच उत्तर दिलं. दुसरं म्हणजे दोन्ही चौकटींत तुम्ही नुसती शहरांची नावं टाकलीत. नुसतं नाव टाकलं की मॅप त्या शहरातला स्वतःचा एक ठरलेला बिंदू धरतो, तिथे ना तुमचं घर असतं ना ऑफिस. शहरातून बाहेर पडायला आणि दुसऱ्या शहरात आत शिरायला जो वेळ जातो तो बराचसा तिथेच गळून पडतो, आणि सकाळी खरा वेळ तर तिथेच जातो.

घराचा आणि ऑफिसचा पूर्ण पत्ता टाका, Arrive by मध्ये सोमवार सकाळी 10:00 निवडा आणि मग बघा. एक आकडा येत नाही, दोन टोकं येतात. माझ्या रस्त्याला 3 तास 50 मिनिटं ते 5 तास 40 मिनिटं अशी येतात. यात मॅपची काही चूक नाही, मागच्या कित्येक सोमवारची ट्रॅफिक बघून तो प्रामाणिकपणे सांगतोय की मला यापेक्षा नेमकं सांगता येत नाही. शिवाय त्यात फक्त गाडी चालवायचा वेळ असतो, मध्ये थांबणं नसतं, पार्किंग शोधणं नसतं. मी एकदा 25 मिनिटं थांबतो, कारण सलग पाच तास गाडी मी चालवत नाही आणि कोणी चालवू नये. पार्किंगपासून ऑफिसपर्यंत 10 मिनिटं. आता दहाला पोचायचंच आहे तर तुम्ही कुठलं टोक धरणार? लांबचं धरलं तर 6 तास 15 मिनिटं, म्हणजे पहाटे 3:45 ला निघणं आलं. जवळचं धरलं तर निवांत 5:35 ला निघाल, आणि ज्या सोमवारी रस्ता तुंबेल त्या दिवशी जवळपास दोन तास उशिरा पोचाल.

ट्रेनचा हिशेब असा. 3:55 ला कुलूप, 25 मिनिटांत स्टेशन, 15 मिनिटं आधी पोचायची सवय, 4:35 ला गाडी, 9:00 ला उतरायचं, पुढे अर्धा तास, म्हणजे 9:30 ला खुर्चीवर. गाडी अर्धा तास लेट झाली तरी दहा वाजता मी जागेवर असतो. म्हणजे टाइमटेबलमध्ये पंधरा मिनिटांनी हळू असलेली ट्रेन घरातून दहा मिनिटं उशिरा निघू देते, आणि त्यातले जवळपास साडेचार तास मी झोपू शकतो. वेळेवर पोचायचं असेल तेव्हा वाहन सरासरी किती वेळात पोचतं हे बघून चालत नाही, त्याचा वाईट दिवस किती वाईट असतो ते बघावं लागतं. यासाठी दहा फेऱ्यांच्या वेळा ओळीने लावा आणि शेवटून दुसरी घ्या. सरासरी काढलीत तर ते दोन वाईट सोमवार चांगल्या दिवसांमागे लपून जातात.

ठरलेली वेळ नसेल, रविवारी दुपारी आरामात निघायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कार 4 तास 45 आणि ट्रेन 5 तास 35, दोन्ही दारापासून दारापर्यंत. तिथे कार जिंकते आणि हे मी नाकारलेलंच नाही. पण पोस्टचं नावच सोमवार सकाळ होतं.

हे मी इतकं ताणून का सांगतोय, तर भावाच्या ऑपरेशनच्या दिवशी मी तुमच्यासारखाच मॅपचा आकडा धरला होता. ट्रेन सोडली, कार काढली, चार तासांत पोचतो म्हणून घरी सांगितलं. दोन तासांनी पुढे चढावर एक ट्रक आडवा झाला. स्क्रीनवर पोचायची वेळ 9:20 होती, मग 9:35, मग 9:50, गाडी दहा फूट सरकायची आणि वेळ पंधरा मिनिटांनी पुढे जायची. मॅपला तो ट्रक निघताना माहीत असणं शक्यच नव्हतं. मी पोचलो तेव्हा त्याला आत नेऊन वीस मिनिटं झाली होती. तो आता ठणठणीत आहे, पण आत जाताना त्याला मी दिसलो नाही, आणि ही वही त्या आठवड्यात सुरू झाली. तेव्हा घरी बसून आकडे जुळवलेत हे मला कृपया सांगू नका.

बसबद्दल एवढंच की ती कारच्याच ट्रॅफिकमध्ये अडकते, फक्त तिच्या टाइमटेबलमध्ये मधला थांबा आधीच धरलेला असतो. दर अर्ध्या तासाला बस असेल तर ट्रेन चुकल्यावर तीच कामाला येते, बाकी सोमवारी दहाच्या कामासाठी मी तिच्यावर अवलंबून राहत नाही.

खर्चावर इथे वाद घालत नाही. 280 किलोमीटरला लिटरमागे 15 धरले तरी जवळपास 19 लिटर लागतात, एकटे असाल तर सगळे तुमचे, चौघं असाल तर माणशी पावणेपाच. ट्रेनचं तिकीट दर माणशी वाढतं, कारचं पेट्रोल वाढत नाही, म्हणून एकट्याचं उत्तर चौघांना लागू होत नाही. टायर आणि सर्व्हिसिंग फुकट होतं असं तुम्हाला वाटत असेल तर मागच्या सर्व्हिसिंगचं बिल काढून बघा.

आणि पुढच्या वेळी रात्री 11:20 चा स्क्रीनशॉट नको. दहा सोमवार कुलपाची आणि खुर्चीची वेळ लिहा आणि तो कागद पाठवा. शेवटून दुसऱ्या वेळेत तुमची कार ट्रेनच्या पुढे असेल तर पोस्टच्या पहिल्या ओळीत तसं लिहीन.