कोटेशन मोघमच द्यावं

भाषांतराच्या धंद्यात नवे असाल तर एक गोष्ट पक्की करून टाका. कोटेशनमध्ये "दर : शब्दाला २ रुपये" एवढंच लिहायचं. कोणत्या भाषेतला शब्द, हे लिहिणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. चांगल्या घरातली माणसं असं करत नाहीत.

समजा, एका कंपनीची कर्मचारी नियमपुस्तिका आली आहे, इंग्रजीतून मराठीत करायची. इंग्रजीत २०,००० शब्द, म्हणजे ४०,००० रुपये. घाईचं काम म्हणून वर ५० टक्के, एकूण ६०,०००. मनातल्या मनात तुम्ही लॅपटॉपसुद्धा बदललात. काम पोचल्यावर अकाउंट्समधून फोन येतो, "सर, तुमच्या फाइलमध्ये शब्द १६,४००च भरतात."

बरोबरच आहे त्यांचं. 'इन द ऑफिस ऑफ द मॅनेजर' हे सहा शब्द, बारा रुपये. 'व्यवस्थापकाच्या कार्यालयात' हे दोन, चार रुपये. आपली विभक्ती शब्दाला चिकटते आणि तुमचे आठ रुपये गिळते. यावर जाणकार दोन उपाय करतात. मूळ फाइलचे शब्द आधीच मोजून तो आकडा कोटेशनमध्ये टाकणं, हा झाला भित्र्यांचा उपाय. तुम्ही दुसरा घ्या. 'केले' कशाला लिहायचं? 'करण्यात आलेले आहे' लिहा. एकाचे तीन होतात, काम भारदस्त दिसतं, आणि वाचणाऱ्या कामगाराला काही कळलं नाही तरी कंपनीची हरकत नसते. (सरकारी परिपत्रकांची मराठी अशी का, याबद्दल मला फार वर्षं शंका आहे.)

घाईच्या मुदतीचंही तसंच. "५ दिवसांत देऊ" एवढं पुरे. कधीपासूनचे पाच, हे विचारू नका. कोटेशन सोमवारी जातं, साहेब दौऱ्यावर असतात, मंजुरी बुधवारी संध्याकाळी येते आणि फाइल त्याहून उशिरा, तीही स्कॅन केलेली, पान तिरकं, कडेला शिक्का. शुक्रवार मात्र जागचा हलत नाही. तब्येतीत काम केलं तर दिवसाला दोन-अडीच हजार शब्द होतात. इथे दिवस उरले दोन, म्हणजे रोज दहा हजार. "मंजुरी आणि वाचता येणारी फाइल हातात आल्यापासून पाच दिवस" असं एक वाक्य घातलं असतं तर झोप मिळाली असती. पण झोपेचे कोण पैसे देतं?

आता हिशेब. १६,४०० शब्दांचे ३२,८००, त्यावर घाईचे १६,४००, एकूण ४९,२००. साठातले १०,८०० गेले. रडू नका, यात एक आनंदाची बातमी आहे. व्यावसायिक फीवर कंपनी १० टक्के टीडीएस कापते, पण एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारी फी ५०,०००च्या वर गेली तरच. ही मर्यादा आधी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून वाढली. साठ हजारांवर तुमचे ६,००० कापले गेले असते. आता एक पैसाही नाही! "बघा, टॅक्स वाचला तुमचा," असं अकाउंट्सवाले म्हणतात. तुम्हीही चारचौघांत तसंच सांगा. ते ६,००० तुमच्याच पॅनवर जमा झाले असते, आयकर खात्याच्या फॉर्ममध्ये दिसले असते, रिटर्न भरताना करातून वजा झाले असते आणि जास्त झाले असते तर परत आले असते. गेलेले १०,८०० कोणत्याच फॉर्ममध्ये दिसत नाहीत. असल्या तपशिलात शिरून आनंदावर विरजण घालू नये.

पुढच्या महिन्यात त्याच कंपनीकडून एक चिटोरं येतं. कँटीनच्या नियमांत दुरुस्ती, ५०० शब्द, घाई नाही. तुम्ही खुशीत हजाराचं बिल पाठवता. वर्षाची बेरीज होते ५०,२००. मर्यादा ओलांडली की टीडीएस वरच्या दोनशेवर नाही, सगळ्या रकमेवर लागतो, आणि आधीच्या बिलावर तर काहीच कापलेलं नसतं. म्हणजे कापायचे ५,०२०, बिल १,०००चं.

फोन येतो. आवाज अगदी आदबशीर.

"सर, तेवढे ४,०२० आज ट्रान्सफर कराल का? जरा अर्जंट आहे."